बाळंतपणानंतर थायरॉईड आधी जास्त, मग कमी: गोळी कायमची का?

प्रश्न: आधी कधीच थायरॉईड नव्हतं. बाळ तीन महिन्यांचं असताना धडधड, घाम, हात थरथरणं सुरू झालं; टीएसएच 0.04 आला. औषध न देता फक्त लक्ष ठेवायला सांगितलं. आता सातव्या महिन्यात टीएसएच 32, अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह, प्रचंड थकवा. थायरॉक्सिन 50 सुरू केलं आहे. पहिला रिपोर्ट चुकला होता का? आणि ही गोळी आता जन्मभर?

उत्तर: मी बरीच वर्षं एंडोक्रायनॉलॉजीच्या ओपीडीत काम करते, त्यामुळे हा आलेख ओळखीचा आहे. दोन्ही रिपोर्ट बरोबर असणार. प्रसूतीनंतरचा थायरॉईडायटिस असाच चालतो.

गरोदरपणात प्रतिकारशक्ती थोडी दबलेली असते आणि प्रसूतीनंतर ती पुन्हा उसळी घेते. अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉईडविरुद्धच्या अँटिबॉडी, असलेल्या बाईच्या बाबतीत ती स्वतःच्याच थायरॉईड ग्रंथीवर उलटू शकते. ग्रंथीत तयार हॉर्मोनचा बराच साठा असतो. पेशींना इजा झाली की तो रक्तात सांडतो. टीएसएच हा मेंदूकडून ग्रंथीला येणारा हुकूम; रक्तात हॉर्मोन जास्त झालं की तो उतरतो, कमी पडलं की चढतो. म्हणून आधी टीएसएच तळाला जातो. हे बहुधा दुसऱ्या ते सहाव्या महिन्यात होतं. साठा संपला की जखमी ग्रंथीला नवीन हॉर्मोन पुरेसं बनवता येत नाही. मग टीएसएच चढतो, साधारण तिसऱ्या ते बाराव्या महिन्यात कधीतरी. तुमचे दोन्ही टप्पे यात चपखल बसतात. सगळ्यांना दोन्ही दिसत नाहीत. अनेकींना फक्त हॉर्मोन कमी होण्याचाच टप्पा कळतो, आणि तोही जागरणाच्या खात्यावर जमा होतो.

तेव्हा औषध दिलं नाही हे योग्यच झालं. कार्बिमेझोलसारखी औषधं हॉर्मोन बनवणं थांबवतात. म्हणजे नळ बंद करतात. इथे नळ उघडा नव्हता, टाकी फुटली होती. धडधड फार असेल तर काही आठवडे प्रोप्रॅनोलॉल देतात, ते स्तनपानातही चालतं. खरा पेच असतो तो ग्रेव्हज आजाराशी. त्यात ग्रंथी खरोखरच जास्त हॉर्मोन बनवते; तोही प्रसूतीनंतर डोकं वर काढतो आणि त्याला मात्र कार्बिमेझोल लागतं. डोळे पुढे आलेले असणं, टीएसएच रिसेप्टरविरुद्धची अँटिबॉडी पॉझिटिव्ह असणं, महिने गेले तरी हॉर्मोन चढेच राहणं या ग्रेव्हजच्या खुणा. तुमची पातळी आपोआप उतरून उलट्या बाजूला गेली, त्यामुळे ती शंका जवळपास मिटते.

(केस गळतात म्हणून बायोटिन घेत असाल तर डॉक्टरांना सांगा आणि तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवा. काही लॅबच्या पद्धतींत त्याने टीएसएच खोटा कमी आणि टी4 हे थायरॉईड हॉर्मोन खोटं जास्त दिसतं.)

आता गोळीचं. टीएसएच 32 आणि लक्षणं असताना ती हवीच, आणि ती घेताना दूध पाजायला हरकत नाही. सुरू केल्यापासून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा; त्याआधीचा आकडा स्थिरावलेला नसतो. तो नॉर्मल आला म्हणून गोळी सोडू नका, तो गोळीमुळे आलेला असतो. ग्रंथी सावरली का, हे गोळी कमी करूनच कळतं. साधारण वर्षभर घेतल्यावर, म्हणजे बाळ दीड वर्षाचं झाल्यावर, डॉक्टर बहुधा 50 चे 25 करतील आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच बघतील. ठीक असेल तर गोळी बंद आणि तितक्याच अंतराने पुन्हा तपासणी. 25 वरच टीएसएच दहाच्या वर गेला तर उत्तर मिळालं: गोळी पुढे चालू ठेवायची. मात्र त्या सुमारास दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर हा प्रयोग पुढे ढकला.

बहुतेकींची ग्रंथी वर्षभरात सावरते, पण सगळ्यांची नाही. अँटी-टीपीओ खूप जास्त असणं, हॉर्मोन कमी होण्याच्या टप्प्यात टीएसएच फार चढणं आणि सोनोग्राफीत ग्रंथी काळसर दिसणं, या तिन्हींत कायमच्या हायपोथायरॉईडची शक्यता वाढते. तुमचा 32 हलका नाही, म्हणून मी तुम्हाला 'नक्की सुटेल' असं सांगणार नाही.

आणि सुटली तरी फाईल बंद करू नका. अँटिबॉडी बहुधा राहतात, आणि ग्रंथी काही वर्षांनी हळूहळू दमू शकते. तेव्हा वर्षातून एकदा टीएसएच, कायम. नुसती धडधड होऊन बरी झालेली असेल, तिनेही हे करावं. टाइप 1 मधुमेह असलेल्यांना हा आजार होण्याचा धोका तिपटीच्या आसपास असतो, त्यांनी तर प्रसूतीनंतर त्रास नसतानाही तपासून घ्यावं.

पुढच्या बाळंतपणानंतर हे पुन्हा होण्याची शक्यता सुमारे 70 टक्के धरतात. त्यामुळे दिवस राहण्याआधी एकदा आणि राहिल्याचं कळताच पुन्हा टीएसएच करा. गोळी चालू असेल तर स्वतःहून थांबवू नका. गरोदरपणात तिचा डोस बहुधा वाढवावाच लागतो.