अंतिम लेखी परीक्षेत किमान किती गुण लागतील?

प्रश्न: विषयाची लेखी परीक्षा ८० गुणांची असून तिला ५० टक्के भार आहे. स्वाध्यायांत (भार १०) ५० पैकी ४२, सत्रमध्य परीक्षेत (भार २०) ३० पैकी १९ आणि प्रात्यक्षिकात (भार २०) ४० पैकी ३१ गुण मिळाले आहेत. तिन्हींच्या टक्केवारीची सरासरी जवळपास ७५ येते. मला एकूण ७५ टक्के हवे आहेत, तर लेखीत ८० पैकी ६० पुरतील का?

उत्तर: ६० बहुधा कमी पडतील, ६२ धरून चाला. तुमच्या बेरजेत चूक नाही, पण सरासरी काढताना तिन्ही घटकांना सारखेच वजन दिले गेले आहे. स्वाध्यायातील ८४ टक्के दिसायला भरघोस असले तरी त्यांचा भार केवळ १० आहे, आणि सत्रमध्य परीक्षेतील ६३ टक्क्यांचा भार त्याच्या दुप्पट आहे. त्यामुळे चांगल्या घटकाने सरासरी जेवढी वर ओढली, तेवढी ती प्रत्यक्षात वर जात नाही. (मिळालेले गुण सरळ मिळवून १२० पैकी ९२ असा हिशेब करणारे विद्यार्थीही मला दरवर्षी भेटतात. तो आणखी फसवा आहे, कारण त्यात ५० गुणांचा स्वाध्याय ३० गुणांच्या परीक्षेपेक्षा मोठा ठरतो.)

योग्य रीत अशी की प्रत्येक घटकाचे गुण आधी त्याच्या भारात बदलून घ्यावेत. स्वाध्यायाचे ४२ भागिले ५० गुणिले १०, म्हणजे ८.४ होतात, सत्रमध्य परीक्षेचे १९ भागिले ३० गुणिले २०, म्हणजे १२.६७, आणि प्रात्यक्षिकाचे ३१ भागिले ४० गुणिले २०, म्हणजे १५.५. त्यांची बेरीज ३६.५७. शंभरपैकी एवढे गुण तुमच्या खात्यात जमा आहेत. ७५ पैकी उरलेले ३८.४३ गुण लेखी परीक्षेच्या ५० भारातून यायला हवेत, म्हणून ३८.४३ ला ५० ने भागून ८० ने गुणले की ६१.४९ येतात. पेपर तपासताना अपूर्णांकी गुण देत नसतील, तर ही संख्या नेहमी वरच्या पूर्णांकाकडे न्यावी. ६१ गुणांना एकूण ७४.६९ होतात आणि ६२ गुणांना ७५.३२.

स्प्रेडशीटमध्ये हाच हिशेब एका ओळीत बसतो:

```
=ROUNDUP((75-(42/50*10+19/30*20+31/40*20))/50*80,0)
```

यातील ७५ च्या जागी ९० घातले तर उत्तर ८६ येते. पेपरच ८० गुणांचा असल्याने याचा अर्थ इतकाच की ते लक्ष्य आता हातातून गेलेले आहे. पैकीच्या पैकी मिळाले तरी तुमची एकूण टक्केवारी ८६.५७ च्या वर जाणार नाही. उलट ५० घातले तर उत्तर २२ येते, आणि तेथे वेगळीच गफलत होऊ शकते. अनेक अभ्यासक्रमांत लेखी परीक्षेत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. ती अट ४० टक्क्यांची असेल, तर सूत्र काहीही सांगो, ८० पैकी ३२ गुण मिळवावेच लागतात. ७५ च्या लक्ष्याला या अटीची अडचण नाही.

वर मी 'बहुधा' लिहिले त्याचे कारण पूर्णांकन. काही ठिकाणी अपूर्णांक शेवटपर्यंत तसेच ठेवून फक्त अंतिम टक्केवारीकडे पाहतात, तर काही ठिकाणी प्रत्येक घटकाचे गुण भारात बदलताच अर्धा किंवा त्याहून मोठा अपूर्णांक वर नेतात. दुसऱ्या पद्धतीत तुमचे ८.४ चे ८, १२.६७ चे १३ आणि १५.५ चे १६ होऊन बेरीज ३७ भरते. मग लेखीच्या ६० गुणांचे ३७.५ होतात, त्याचेही ३८ धरले जातात, आणि एकूण बरोबर ७५ होतात. म्हणजे तुमचा ६० हा आकडा येथे खरा ठरतो, पण तो निव्वळ योगायोगाने. तुमच्याकडे कोणती पद्धत आहे हे नियमावलीत पाहावे किंवा परीक्षा विभागात विचारावे. ते कळेपर्यंत ६२ हाच सुरक्षित आकडा आहे.

आणखी एक गोष्ट तुमच्या गुणांकडे पाहून सुचवावीशी वाटते. लेखीतील एक गुण एकूणात ०.६३ ची भर घालतो, तर सत्रमध्य परीक्षेतील एक गुण ०.६७ ची. तेव्हा ती उत्तरपत्रिका पुन्हा पाहायला मिळत असेल तर बेरीज जरूर तपासा. तेथे एक गुण राहून गेलेला सापडला आणि १९ चे २० झाले, तर लेखीत लागणारे गुण ६१.४९ वरून ६०.४३ वर येतात, म्हणजे ६२ ऐवजी ६१ पुरतात. स्वाध्यायातील एका गुणासाठी मात्र शिक्षकांकडे खेटे घालण्यात अर्थ नाही, कारण त्याची एकूणातील किंमत फक्त ०.२ आहे.