आधी धास्ती, मग दचका

प्रश्न: भयपटात एकदम दचकवणारा प्रसंग आणि हळूहळू चढणारी भीती वेगळी का वाटते? दिग्दर्शक दोन्ही एकत्र कसे आणतात?

दचकणं ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. अचानक मोठा आवाज झाला की काय झालं हे कळण्याआधीच पापण्या मिटतात, खांदे आक्रसतात. धास्ती मात्र अपेक्षेतून येते: काहीतरी होणार, पण कधी आणि कुठून ते कळत नाही. आधीच धास्तावलेला माणूस त्याच आवाजाला जास्त जोरात दचकतो. दिग्दर्शक याचाच उपयोग करतात.

जाक तूर्नर यांचा १९४२ चा 'कॅट पीपल' बघा. नायिका इरेनाला वाटत असतं, की मत्सराने पेटली की आपण हिंस्र काळा बिबट्या होऊ. तिच्या नवऱ्याची सहकारी ॲलिस रात्री एकटी चाललेली असते आणि इरेना तिच्या मागे. संगीत नाही, फक्त टाचांची टकटक. मग मागची पावलं ऐकू येईनाशी होतात. मला हा सगळ्यांत भीतीदायक क्षण वाटतो, कारण आता धोका कुठे आहे हेच समजत नाही. ॲलिस वेग वाढवते, मागे वळून पाहते, रस्ता रिकामा. आणि अचानक जनावराच्या फिस्कारण्यासारखा आवाज करत एक बस पडद्यावर घुसते.

बस निरुपद्रवी असते. शरीरातला ताण सुटतो, पण मागे कोण होतं याचं उत्तर मिळत नाही. थोड्याच वेळात मेलेल्या मेंढ्या दिसतात, म्हणजे धास्ती खरीच होती. पुढे या युक्तीला 'ल्युटन बस' हे नाव पडलं, निर्माते व्हॅल ल्युटन यांच्यावरून.

हीच युक्ती दर दहा मिनिटांनी वापरली, तर प्रेक्षक शांतता पसरताच कानांवर हात ठेवतो. मग तो गोष्टीला घाबरत नाही, फक्त आवाजाची वाट पाहतो.