विचारण्याआधी दुसरी सकाळ बघ

प्रिय,

तुझा परवाचा मेसेज दोनदा वाचला. जिममध्ये सकाळी सातला येणारी ती, चार महिन्यांत झालेली मान हलवण्यापुरती आणि हल्ली थोडी त्यापुढची ओळख, आणि शेवटी तुझा प्रश्न, 'ताई, नंबर कसा मागू?' दोन ओळींत उत्तर देता आलं असतं, पण ते अर्धवट राहिलं असतं. सोळा वर्षं मी नाशिकमध्ये जिमच्या फ्लोअरवर ट्रेनर म्हणून काढली. मुलं येऊन मला विचारायची, 'मॅडम, तिला विचारू का?' आणि विचारून झाल्यावर काय वाटलं ते मुली मला चेंजिंग रूममध्ये सांगायच्या. म्हणून दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत.

आधी एक घडलेली गोष्ट सांगते, कारण त्यातला मुलगा अगदी तुझ्यासारखा होता. सरळ, लाजाळू, कुणाला त्रास द्यावा असं मनातही नसलेला. त्याने एका संध्याकाळी लॅट पुलडाउनवर बसलेल्या मुलीला नंबर विचारला. ती दोन सेटच्या मध्ये होती, मांड्या मशीनच्या पॅडखाली अडकलेल्या. हा समोर उभा. मागे डंबेल रॅकपाशी त्याचे दोन मित्र बघत होते. तिने नंबर सांगितला. त्याने तो लगेच डायल केला आणि म्हणाला, 'मिस कॉल दिलाय, सेव्ह करा.' त्याच्या दृष्टीने सगळं छान पार पडलं होतं. पुढच्या आठवड्यात ती सकाळी सहाच्या बॅचला आली, महिन्याभरात तेही बंद झालं. तिच्या वर्षाच्या फीमधले सात महिने शिल्लक होते. मी फोन केला तेव्हा ती म्हणाली, 'मॅडम, तो वाईट नाहीये हो. पण मला नाही म्हणायला जागाच नव्हती, आणि नंतर रोज त्याच्यासमोर जायचं होतं.'

तिचं दुसरं वाक्य पुन्हा वाच. रस्त्यात, लग्नात, प्रवासात कुणी विचारलं आणि तिने नकार दिला, तर विषय तिथेच संपतो. जिममध्ये तोच विषय दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा समोर येतो, तोही ती घट्ट कपड्यांत, घामाने भिजलेली असताना, चारी बाजूंनी आरसे असताना. म्हणून 'ती हो म्हणेल का' हा हिशोब तू बाजूला ठेव. ती नाही म्हणाली तर उद्या तिला तिचा स्क्वॉट नेहमीसारखा मारता येईल का, एवढं बघ. बाकी सगळं त्यावरून ठरतं.

सर्वांत मोठा बदल हा कर, की तिचा नंबर मागूच नकोस, तुझा दे. हा नुसता शब्दांचा फरक नाही. आपल्याकडे मोबाइल नंबर म्हणजे अर्धी ओळख असते. त्यावर व्हॉट्सॲपचा फोटो दिसतो, पैसे पाठवायच्या ॲपमध्ये तो टाकला की खात्यावरचं पूर्ण नाव दिसतं, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. नको वाटलं म्हणून तो बदलता येत नाही. तू तिचा नंबर मागतोस तेव्हा तिला तिथल्या तिथे, तुझ्या डोळ्यांसमोर ठरवावं लागतं. तुझा दिलास तर ती घरी जाऊन, मैत्रिणीशी बोलून, चार दिवसांनी ठरवू शकते. शिवाय तिला 'नाही' हा शब्द उच्चारावाच लागत नाही. मेसेज केला नाही की झालं. छोट्या कागदावर नाव आणि नंबर लिहून आण. तिचं इन्स्टाग्राम असल्याचं ती स्वतः बोलली असेल तर तुझ्या अकाउंटचं नाव दिलंस तरी चालेल, ते नंबरपेक्षा हलकं असतं. आणि तो मिस कॉल कधीही देऊ नकोस. खोटा नंबर देऊन सुटायची शेवटची वाटही त्याने बंद होते.

जिमच्या सुट्ट्या कळवायला जो व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात तिचा नंबर तुला आजही दिसत असेल. तो उचलायचा नाही. रिसेप्शनवरच्या रजिस्टरमधूनही नाही, ट्रेनरकडूनही नाही. तो तिने जिमला दिलाय. तिथून तुझा पहिला मेसेज गेला, तर तो कितीही सभ्य असला तरी तिला एवढंच कळेल की तू तिला न विचारता तिच्यापर्यंत पोहोचू शकतोस.

आता वेळ. लोक म्हणतात, ती निघताना गाठ. मी अगदी उलटं सांगते, तू निघताना विचार. तुझा व्यायाम संपलाय, बॅग खांद्याला आहे, तू दाराकडे चाललायस आणि ती पाण्याच्या कूलरपाशी बाटली भरतेय. तुझं बोलून झालं की तूच निघून जाणार, हे तिला तुझ्या बॅगेवरून दिसतं. तिला कुठे पळायचं नसतं आणि तुला उत्तरासाठी रेंगाळायचं कारण नसतं. ती निघाली असताना तिच्यामागे जिन्यात, लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये तिच्या गाडीपाशी जाऊन बोलणं म्हणजे एकटी गाठणं. तुझ्या मनात तसं नसलं तरी तिथे तिला तसंच वाटणार. जागा अशी हवी की चार माणसं दिसत असतील पण ऐकत नसतील. तिच्या आणि दाराच्या मध्ये उभा राहू नकोस, हातभर अंतर ठेव, थोडा तिरका उभा राहा. मशीनवर बसलेली असेल, मॅटवर स्ट्रेचिंग करत असेल, कानात इअरफोन असतील, तर तो दिवस सोडून दे. मित्रांना यातलं काही सांगू नकोस. कोपऱ्यातून कुणी बघतंय हे मुलींना लगेच कळतं.

तू लिहिलंयस, 'ती हसते माझ्याशी.' हसणं मोजू नकोस, ती रिसेप्शनवरच्या काकांकडे बघूनही हसते. मला तुझ्या मेसेजमधल्या दुसऱ्याच गोष्टीने बरं वाटलं. गेल्या महिन्यात तिने स्वतःहून इअरफोन काढून विचारलं की तुझा खांदा आता कसा आहे. म्हणजे आधीचं बोलणं तिच्या लक्षात होतं आणि ती आपणहून बोलली. तुझ्या प्रश्नाला उत्तर देऊन थांबणारी आणि उलट तुला प्रश्न विचारणारी, यांत फार फरक आहे. असं आणखी एक-दोनदा झालं, तर विचारायला हरकत नाही. दर वेळी तूच सुरुवात करत असशील आणि ती 'हो', 'अच्छा' एवढ्यावर थांबत असेल, तर विचारू नकोस. तिने उत्तर आधीच दिलेलं असतं.

बोलायचं काय, हेही विचारलंयस. डाएट चार्ट पाठवतो, वर्कआउटचे व्हिडिओ पाठवतो, असली निमित्तं काढू नकोस. निमित्ताला नकार देणं अवघड असतं, कारण चार्ट नको म्हणण्यासारखं त्यात काही नसतं, आणि मग ती अडकते. सरळ बोल. तुम्ही अजून एकमेकांना अहो-जाहो करता ना? मग त्या दिवशीच 'तू'वर उतरू नकोस. मी असं म्हणेन: 'मी निघतोय. तुमच्याशी बोलायला मला आवडतं. कधी बाहेर चहाला भेटावंसं वाटलं तर हा माझा नंबर. नाही वाटलं तरी काही हरकत नाही, मी पुन्हा विचारणार नाही. चला, उद्या भेटू.' पंधरा-वीस सेकंद. मग खरोखर निघ. तिचा चेहरा वाचत उभा राहू नकोस.

तिथल्या तिथे ती काही बोललीच, तर ते नीट ऐक. मराठी घरात वाढलेली मुलगी तोंडावर 'नाही' क्वचितच म्हणते. 'बघू', 'सध्या ऑफिसचं फार चाललंय', 'मी फोन फारसा वापरत नाही', 'घरी चालत नाही असलं', किंवा नुसतं हसून 'अं...' हे सगळे नकारच आहेत. आणि हे फक्त आपल्याकडेच नाही. ब्रिटनमधल्या सीलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ या संशोधकांचा १९९९ सालचा एक निबंध आहे. लोक रोजच्या बोलण्यातला नकार 'नाही' न म्हणता, थांबत थांबत आणि कारणं देत देतात, आणि ऐकणाऱ्याला तो बरोबर कळतो, असं त्यांनी त्यात मांडलंय. तुलाही कळतो. शेजारचे काका जेवायला थांब म्हणाले आणि तू 'नको, आत्ताच खाल्लंय' म्हणालास, तर त्यांना कळतं ना? तसंच हे. 'मला बॉयफ्रेंड आहे' म्हणाली तर ते खरं की खोटं हे शोधायला जाऊ नकोस.

कायद्याचंही एकदा सांगून ठेवते. तुझ्यावर शंका म्हणून नाही, पण तुझ्या वयाच्या मुलांना हे माहीत नसतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८, जे १ जुलै २०२४ पासून लागू आहे, ते पाठलागाबद्दल आहे. एखाद्या स्त्रीने आपल्याला रस नाही हे स्पष्ट दाखवल्यावरही पुरुष पुन्हा पुन्हा संपर्क साधत राहिला, तर पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या दंड संहितेतही ही तरतूद २०१३ पासून होती. 'एकदा अजून विचारून बघतो' हे वाक्य कुठल्या दिशेने जातं, ते यावरून लक्षात घे.

आणि आता ती दुसरी सकाळ. मेसेज आला नाही असं धरून चालू, कारण तयारी त्याचीच हवी. तू नेहमीच्याच वेळेला जा. वेळ बदललीस किंवा तोंड फिरवलंस, तर आपण काहीतरी चूक केली असं तिला वाटेल. दिसली तर पूर्वीसारखी मान हलव आणि आपल्या वॉर्मअपला लाग. पहिले दोन आठवडे बोलणं तिच्याकडून सुरू होऊ दे. ती वापरत असलेल्या रॅकच्या शेजारचं रॅक रिकामं असेल आणि पलीकडेही एक असेल, तर पलीकडचं घे. 'कागद हरवला का?' असं गमतीतही विचारू नकोस. आठ-दहा दिवसांनी ती पुन्हा खांद्याबद्दल विचारेल, तर खांद्याबद्दलच बोल. त्यातून नवा अर्थ काढू नकोस. ओळख होती तशी राहिली, एवढंच तिला कळवायचंय, आणि ते वागण्यातूनच कळतं.

मेसेज आला, तर मग मला फार काही सांगायला नको. चहाची जागा तिला ठरवू दे, आणि जिममध्ये तिच्याभोवती घोटाळू नकोस. तिथला तास तिचा आहे.

तुझा खांदा अजून दुखतोय असं लिहिलंयस. ओव्हरहेड प्रेस थांबव आणि शनिवारी दहानंतर ये, मी बघते.

तुझी,
ताई