बेरीज दोन्हीकडून जुळली पाहिजे

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझी कथा दोनदा वाचली. वयचोरी करून संघात शिरलेल्या त्या पोराला शेवटी माफी द्यावी की शिक्षा, या प्रश्नावर तू तीन आठवडे अडून बसला आहेस. तुझा वैताग पत्रातून कळतो आणि त्याबद्दल मला मायाही वाटते. पण तू अडलायस तो शेवटावर नाही, पहिल्या पानावर. तिथे त्या पोराची जन्मतारीखच नाहीये. ‘वय दोन वर्षांनी कमी सांगितलं’ एवढंच लिहून तू पुढे गेलास. कधीचा जन्म, कधीचा सांगितला, मर्यादेची तारीख कोणती, यातलं काहीही तुला स्वतःला माहीत नाही. म्हणून तो पकडला कसा जातो हेही तुला कळेना, आणि मग तू एक चुगलखोर आणलास. संघाबाहेर राहिलेला मुलगा प्रशिक्षकाच्या कानात कुजबुजतो आणि खेळ खलास! हा चुगलखोर आधी काढून टाक. खोटं पकडायला माणूस लागत नाही, बेरीज लागते.

आता आपण तारखा ठरवू. कागद घे.

स्पर्धा १६ वर्षांखालची. नियम असा, की १ सप्टेंबर २००९ किंवा त्यानंतर जन्मलेला मुलगाच खेळू शकतो. पोराचा खरा जन्म १४ जून २००८ चा. साल एकाने पुढे ढकललं तर १४ जून २००९ होतं, म्हणजे मर्यादेच्या ७९ दिवस आधी. तरीही बाहेरच. म्हणून त्याला दोन वर्षं चोरावी लागतात, आणि कागदावर तो १४ जून २०१० चा होतो. बघ, तुझी ‘दोन वर्षं’ आतापर्यंत हवेत होती, आता त्यांना कारण मिळालं.

त्याने दिवस आणि महिनाही बदलला असता तर? समजा १४ ऑक्टोबर २००९ लिहिलं असतं, तर ते मर्यादेत बसलं असतं आणि चोरी सोळा महिन्यांवरच भागली असती. पण तो तसं करत नाही. जूनमध्ये त्याचा वाढदिवस मित्रांनी साजरा केलाय, तो सगळ्यांना ठाऊक आहे. वाढदिवस लपवायला जमणार नाही, साल लपवता येईल, असा त्याचा हिशेब. सोळा-सतरा वर्षांच्या डोक्याला सुचावा असाच तो आहे आणि अर्धाच बरोबर आहे. तो बुडतो तो याच अर्ध्या हिशेबापायी.

कारण त्याला बहीण आहे. तुझ्या कथेत ती डबा घेऊन मैदानावर येते आणि दोन वाक्यं बोलून निघून जाते. तिचा जन्म ९ जानेवारी २०११ चा धर. खऱ्या तारखेपासून ती अडीच वर्षांनी धाकटी, अगदी सरळ घर. पण भावाने दोन वर्षं चोरली आणि दोघांमध्ये उरले सहा महिने सव्वीस दिवस. एका आईला सात महिन्यांच्या आत दुसरं पूर्ण दिवसांचं मूल कसं होईल? पोराला वाटलं आपण फक्त आपलं वय बदलतोय. प्रत्यक्षात त्याने आईच्या पोटातले महिने खाल्ले. हे वाक्य कथेत लिहू नकोस, पण लिहिताना मनात ठेव.

हे दिसणार कुणाला? प्रशिक्षकाला नाही. तो पोराच्या चेंडूचा वेग बघून खूश आहे. दिसणार ते स्कोअररला. तुझ्या कथेत स्कोअरर नावालाही नाही, आणि मला याचंच सगळ्यात वाईट वाटलं. क्रिकेटवर कथा लिहितोस आणि मैदानावर ज्या एकाचं कामच आकडे जुळवणं आहे, त्यालाच विसरतोस!

स्कोअररचं काम जरा जवळून सांगतो, कारण तुझी कथा तिथेच उभी राहणार आहे. डाव संपला की तो दोन बेरजा करतो. समजा, संघाच्या १८१ धावा झाल्या. फलंदाजांच्या मिळून १६२. अवांतर १९, त्यात आठ वाइड, तीन नो-बॉल, पाच बाय आणि तीन लेगबाय. १६२ अधिक १९ म्हणजे १८१, ही पहिली बेरीज. मग तो गोलंदाजांकडून येतो. वाइड आणि नो-बॉल गोलंदाजाच्या नावावर चढतात, बाय आणि लेगबाय चढत नाहीत. म्हणून सगळ्या गोलंदाजांनी मिळून दिलेल्या धावा १७३ भरतात. त्यात आठ बाय-लेगबाय मिळवले की पुन्हा १८१. दोन्ही बेरजा एक आल्या तर वही मिटायची. एका धावेचाही फरक पडला तर पहिल्या षटकापासून एकेक चेंडू तपासत यायचं. एखादा लेगबाय चुकून फलंदाजाच्या खात्यात गेलेला असतो, किंवा वाइडवर पळून काढलेली धाव लिहायची राहिलेली असते. चूक सापडेपर्यंत त्याला चैन पडत नाही.

असा माणूस ९ जानेवारीला त्या बहिणीच्या तोंडून ऐकतो, ‘आज मला पंधरा पूर्ण झाली.’ त्याच्या समोर संघाची यादी आहे आणि त्यात भावाचंही वय पंधरा आहे. तो सहज विचारतो, ‘जुळे का गं?’ ती हसून म्हणते, ‘छे, दादा मोठाय.’ बस्स. कुणी चुगली केली नाही, कुणी सूड घेतला नाही. प्रेमाने डबा घेऊन आलेल्या पोरीने खरं तेच सांगितलं आणि बेरीज चुकली. स्कोअररची पेन्सिल थांबते ती तिथे. तुला रडवणारा प्रसंग हवा होता ना? हा घे. तोही हिशेबातून आला.

आता दुसरी बाजू. एका बाजूने चुकलेली बेरीज हा नुसता संशय असतो, म्हणून दुसरीकडूनही मोजायला हवं. तुझ्या मसुद्यात इथे एक्स-रे येतो आणि डॉक्टर छातीठोकपणे सांगतात, ‘हा मुलगा सतरा वर्षं सात महिन्यांचा आहे.’ हे साफ चूक आहे, आणि क्रिकेट जाणणारा वाचक इथेच कथा खाली ठेवेल. हाडांवर जन्मतारीख लिहिलेली नसते. भारतीय क्रिकेट नियामक मंडळ १६ वर्षांखालच्या मुलांसाठी जी टीडब्ल्यू३ पद्धत वापरतं, तिच्यात डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढतात. हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते. ती एक्स-रेत उमटत नाही, म्हणून हाड आणि त्याचं टोक यांच्यामध्ये काळी फट दिसते. वाढ पुरी होत आली की ही फट बुजत जाते. तेरा हाडं बघून प्रत्येकाला गुण देतात आणि त्यावरून हाडांचं वय काढतात. मुलांच्या बाबतीत ही मोजपट्टी साडेसोळाला संपते. त्यापुढे सगळेच ‘पूर्ण वाढलेले’. शिवाय हाडांचं वय आणि कॅलेंडरचं वय यांत एखाद्या वर्षाचा फरक निरोगी मुलांमध्येही पडतो. लवकर वाढणारा प्रामाणिक मुलगा नापास होऊ शकतो, उशिरा वाढणारा लबाड सुटू शकतो. तेव्हा सतरा वर्षं सात महिने हा आकडा डॉक्टरांच्या तोंडी शोभत नाही. तो आकडा फक्त तुझ्याकडच्या कागदावर असायला हवा.

मग दुसरी बेरीज कुठून आणायची? त्याच्याच जन्मदाखल्यातून. तुझ्या पोराने दाखल्याच्या झेरॉक्सवर ०८ ला पांढरी शाई लावली, वर १० लिहिलं आणि तिची पुन्हा झेरॉक्स काढली. वरची तारीख बदलली. खाली जन्म नोंदल्याची तारीखही असते, तिच्याकडे त्याचं लक्षच गेलं नाही. तिथे २ जुलै २००८ तसंच राहिलं. म्हणजे कागद म्हणतो की हे मूल जन्माला येण्याच्या जवळजवळ दोन वर्षं आधी त्याच्या जन्माची नोंद झाली. स्कोअररने फाइल उघडून दोन ओळींवर दोन बोटं ठेवावीत. एवढंच दाखव. समजावून सांगायला जाऊ नकोस.

तू म्हणशील, कथा म्हणजे काय हिशेबाची वही आहे का? मला हट्टी म्हणणारे पुष्कळ आहेत आणि मी हट्ट सोडणार नाही. भावना आधी आणि तपशील नंतर, या समजुतीने चांगल्या चांगल्या कथा पोकळ झाल्या. हे मलाही फार उशिरा उमगलं, याची हळहळ आहे. म्हणून तुझ्यावर एवढा चिडतो. बेरीज दोन्हीकडून जुळली पाहिजे, मग भावना बोलवायला जावं लागत नाही.

खऱ्या जगातही बघ. शाहिद आफ्रिदीने ४ ऑक्टोबर १९९६ रोजी नैरोबीत श्रीलंकेविरुद्ध ३७ चेंडूंत शतक ठोकलं. नोंदीतली जन्मतारीख १ मार्च १९८०, म्हणजे तेव्हा तो सोळा वर्षांचा. २०१९ साली आत्मचरित्रात त्याने स्वतःच सांगितलं, की मी तेव्हा सोळाचा नव्हतो, एकोणीसचा होतो, माझा जन्म १९७५ चा. आता वजाबाकी कर. १९७५ चा मुलगा त्या दिवशी कमीत कमी वीस वर्षांचा हवा. कबुलीतसुद्धा आकडा जुळला नाही! खोटं साल बरीच वर्षं मिरवलं की खरं सालही निसटत असावं. तुझ्या पोराला कुणी अचानक जन्मसाल विचारलं, तर तो क्षणभर थांबला पाहिजे. खरं सांगणारा साल आठवत नाही, त्याच्या तोंडून ते आपोआप येतं. हा थांबतो, कारण तो मोजतो.

राहिला तुझा मूळ प्रश्न, माफी की शिक्षा. २०२० मध्ये भारतीय मंडळाने एक मुदत दिली होती. १५ सप्टेंबरपर्यंत जो स्वतःहून खरं वय सांगेल, त्याच्यावर बंदी नाही आणि त्याला योग्य वयोगटात खेळता येईल. नंतर सापडला तर दोन वर्षं बंदी. दोन्हीतला फरक एवढाच, की पहिला शब्द कोणाचा. तुझ्या कथेत हे कसं आणायचं? स्कोअररने लगेच प्रशिक्षकाकडे जाऊ नये. त्याने पोराला बोलावून वही पुढे करावी आणि विचारावं, ‘यादीत तुझं साल नीट वाचता येत नाहीये, सांग जरा.’ पोराला कळतं की याला कळलंय. बोलायची संधी आहे, वेळ थोडा आहे. तो काय म्हणतो ते मी सांगणार नाही, ते तुझं काम.

पण एक गोष्ट सोडू नकोस. त्या १६२ धावांत ५८ त्याच्या आहेत. संघाचे गुण कापले जातील, त्याचं नाव यादीतून जाईल, पण वहीतल्या त्या ५८ धावा स्कोअररला खोडता येत नाहीत. खोडल्या तर फलंदाजांच्या १०४ उरतात, गोलंदाजांकडून मात्र १८१ च येतात. धावा खऱ्याच निघाल्या होत्या. खोट्या वयाने काढलेल्या खऱ्या धावा आहेत त्या, आणि स्कोअररची पेन्सिल त्यांच्यावर घुटमळते. कथा मला तिथे थांबलेली वाचायची आहे.

पुढचा मसुदा पाठवशील तेव्हा सगळ्यात वर तारखांचा कागद टाचून पाठव. बहिणीची, आईची, संघाबाहेर राहिलेल्या त्या मुलाचीही. त्याची तर तू एकही लिहिलेली नाहीस.

तुझा,
तोच हट्टी