जास्वंदीची कळीगळ: फवारणीआधी वीस कळ्या चिरून बघा

प्रश्न : साहेब, आमची पंधरा गुंठे लाल जास्वंद आहे. गणपतीच्या तोंडावर कळ्या पिवळ्या पडून उमलायच्या आधीच गळतायत. दोनदा फवारलं, फरक नाही. मधे दहा-बारा दिवस पाऊस नव्हता. कीड म्हणायची, पाण्याचा ताण म्हणायचा की खत कमी पडलंय?

उत्तर : तिसरी फवारणी आत्ता करू नका. सकाळी वेगवेगळ्या ओळींतून ताज्या पडलेल्या वीसेक कळ्या गोळा करा आणि ब्लेडने उभ्या चिरून पांढऱ्या कागदावर ठेवा. तत्पूर्वी एक खात्री करून घ्या. जास्वंदीचं फूल एकाच दिवसाचं असतं. उमलून झालेलं फूल पुन्हा गुंडाळी होऊन पडतं आणि लांबून कळीसारखंच दिसतं. ते हाताला लिबलिबीत लागतं. तशी फुलं बाजूला काढा, नाहीतर हिशेब चुकेल.

चिरलेल्या कळीत बारीक पांढरट-पिवळसर अळ्या दिसल्या तर ती कळीमाशी. अळी जेमतेम दोन मिलिमीटरची असते. कागदावर पडली की अंग वाकवून टुणकन उडी मारते, त्यावरून लगेच ओळखू येते. माशी कोवळ्या कळीत अंडी घालते, अळी आतून खाते आणि कळी पिवळी होऊन गळते. मग अळी जमिनीत उतरून कोष करते. अळी कळीच्या आत आणि कोष मातीत, म्हणून वरून मारलेलं औषध तिला लागत नाही. तुमच्या दोन फवारण्या वाया जाण्याचं हे कारण असू शकतं.

उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. पडलेल्या आणि झाडावरच्या पिवळ्या पडू लागलेल्या कळ्या रोज वेचून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि पिशवी उन्हात ठेवा. बांधावर किंवा शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका, तिथूनच माशी परत येते. हे सलग तीन-चार आठवडे करावं लागतं, कारण साधारण तीन आठवड्यांत माशीची एक पिढी पूर्ण होते. आठवड्यात सोडून दिलंत तर मातीतले कोष तुमच्या नावाने हसतील.

कळीत अळी नाही, पण पाकळ्यांच्या कडा तपकिरी, खरवडल्यासारख्या दिसतात, तर फुलकिडे. कळी कागदावर झटका, बारीक काडीसारखे किडे पळताना दिसतील. देठाच्या बेचक्यात पांढरा कापूस आणि मुंग्यांची रांग असेल तर पिठ्या ढेकूण. द्राक्षबागेला छळणारा गुलाबी पिठ्या तो हाच. या दोन्हींवर पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी मारा. पिठ्याने गच्च भरलेले शेंडे आधी छाटून टाका. फुलं पूजेसाठी आणि केसांच्या तेलासाठी घरात जातात, म्हणून कडक विषारी औषध मी सुचवत नाही.

आता कळी आतून स्वच्छ निघाली तर? तुमच्या दहा-बारा दिवसांच्या उघडिपीचा विचार तेव्हा करायचा. गळ लहान कळ्यांची आहे आणि कडेच्या किंवा मुरमाड ओळीत जास्त आहे, असं असेल तर पाण्याकडे बोट दाखवा. गेल्या वर्षी एका बागेत हेच झालं होतं. मालक म्हणाले, ‘ठिबक चालू आहे.’ बुंध्यापासून फूटभर अंतरावर वीतभर खणलं, तर माती मुठीत दाबून गोळा होत नव्हती. ड्रिपर चोंदले होते. आणि चूक पुढे झाली : झाडं माना टाकताना दिसल्यावर त्यांनी पाट सोडून रान तुडुंब भरलं. दोन-चार दिवसांत उरलेल्या कळ्याही गळल्या. कोरडं आणि चिखल यांचा झोका जास्वंदीला नुसत्या कोरडेपणापेक्षा महाग पडतो. पाणी थोडं थोडं, पण नेमाने द्या आणि बुंध्याभोवती पाचटाचं आच्छादन करा. कळीमाशी असेल तर मात्र आच्छादन नंतरच, आधी वाफे हलके चाळून कोष उघडे पाडा.

खताचं म्हणाल तर ‘कमी पडलं’ असं क्वचितच असतं. मला बहुतेक वेळा जास्त झालेलंच सापडतं. पानं गर्द हिरवी, मोठी, लुसलुशीत आणि कळ्या तुरळक, तर युरिया बंद करा. अशा पालवीवर मावाही लगेच बसतो. नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसत असेल, तर दर महिन्याला मूठभर डीएपी घालण्याची सवय तपासा. जास्वंदीला स्फुरद कमी लागतं, आणि ते साचलं की लोह अडतं. तिला पालाश हवं. गळ थांबेपर्यंत मातीत काही टाकू नका. पाणी जागेवर आल्यावर ०:०:५० पाच ग्रॅम प्रति लिटर, सकाळी लवकर, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारा. ताण बसलेल्या झाडावर खत मारून कळीगळ थांबत नाही.

दुहेरी पाकळ्यांची जात असेल तर थोडी गळ कायमच राहते. तुमची एकेरी लाल असेल, तर वीसपैकी किती कळ्यांत अळी निघाली तेवढा आकडा कळवा.