मुलाखतीचा फोटो: खांदा आधी बघ, टाय नंतर

'मॅडम, मी साखळीला राहतो, यंदा बी.एस्सी. केमिस्ट्री झालो. पुढच्या मंगळवारी वेर्ण्याला एका औषध कंपनीत ट्रेनी केमिस्टच्या जागेसाठी माझी पहिलीच मुलाखत आहे. सोबत फोटो पाठवतोय. शर्ट आतेभावाचा आहे, बाकी सगळं माझं. हे चालेल का? आई म्हणते, दादाच्या लग्नातला सूट घाल.'

सूट कपाटातच राहू दे. लग्नाच्या सुटाची चकाकी मांडवातल्या दिव्यांसाठी असते, आणि ट्रेनीच्या मुलाखतीला समोर बसणारी प्रॉडक्शनची किंवा क्वालिटी कंट्रोलची माणसं स्वतः बहुधा शर्ट-पँटमध्येच असतात. शिवाय ऑगस्टच्या दमट हवेत कोट चढवून साखळीहून वेर्ण्याला पोचलास, तर आत जाईपर्यंत घामाने निथळत असशील. आईला एवढं सांगितलंस तरी पटेल.

आता शर्ट. फोटो हातात आला की मी आधी खांद्याची शिवण बघते, कारण तिथे कॅमेरा फारसं खोटं बोलत नाही. तुझ्या डाव्या खांद्याची शिवण हाड संपतं तिथून चांगली दोन बोटं खाली, दंडावर उतरलीय. त्यामुळेच काखेपासून छातीपर्यंत कापडाला तिरक्या घड्या पडल्यात आणि कफ अंगठ्याच्या मुळाशी पोचलाय. बाही लांब आहे असं तुला वाटलं असेल. दोष मुख्यतः खांद्याचा आहे; तो खाली आला म्हणून बाहीही खाली आली. कंबरेला ढगळ शर्ट टेलर बाजूंनी आत घेतो, बाही कफ उसवून आखूड करतो, पण खांदा आत घ्यायचा तर दोन्ही बाह्या उसवून नव्याने बसवाव्या लागतात. चवथ तोंडावर आलीय, टेलरकडे कपड्यांचा ढीग असणार. तो हे काम आत्ता घेणार नाही आणि घेतलं तरी घाईत करील. भावाचा शर्ट भावाला परत दे.

म्हापशाला किंवा पणजीला जाऊन एक तयार शर्ट घे, पण अंगावर घालून बघितल्याशिवाय नको. साइजच्या आकड्यावर जाऊ नकोस, दोन कंपन्यांचा चाळीस नंबर सारखा नसतो. हात बाजूला उचल, खांद्याचं हाड जिथे संपल्याचं बोटाला लागतं तिथे शिवण यायला हवी. मग कॉलरचं वरचं बटण लाव. आत एक बोट सहज जायला हवं. हात खाली सोडल्यावर कफ मनगटाच्या हाडावर टेकावा. छातीचं बटण ओढून दोन्ही बाजूंना रेषा उमटल्या तर तो शर्ट घट्ट आहे, मग दुकानदार काही का म्हणेना.

रंग आकाशीच हवा असा हट्ट धरू नकोस. आकाशी आणि राखाडी कापडावर घामाचा डाग गडद उमटतो, पांढऱ्यावर तो बराच लपतो. पांढरा घेतलास तर आत पांढरी बनियन घालू नकोस, तिची कड बाहेरून दिसते. त्वचेच्या रंगाच्या जवळची, अर्ध्या बाह्यांची बनियन घाल. ती काखेतला घामही टिपते. कापड सुती-पॉलिएस्टर मिश्र असलेलं बरं. निव्वळ सुती शर्टाला तासा-दीड तासाच्या बसप्रवासात पाठीवर आणि कोपरांवर चुण्या पडतात.

पँटबद्दल अर्धंच सांगू शकते, कारण फोटो तसा काढलाय. मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर आणि फार जवळ होता, त्यामुळे पाय आखूड दिसतात आणि पँट बुटावर किती पडते ते कळत नाही. ट्यूबलाइटमुळे ती काळी की गडद निळी हेही सांगता येत नाही. उजेडात दारापाशी बुटांशेजारी धरून बघ. काळी असेल तर खिशांच्या कडा आणि गुडघे तपकिरी पडलेत का ते तपास. तसं असेल तर धुऊन-इस्त्री करूनही ती जुनीच दिसणार. एक गोष्ट मात्र याही फोटोत स्पष्ट आहे: दोन्ही खिसे कानांसारखे उघडलेत. पँट नितंबावर घट्ट आहे. शिवणीत आत कापड शिल्लक असेल तर टेलर ती मागून थोडी सैल करू शकतो. हे काम छोटं आहे, उद्याच नेऊन दे.

टाय काढून टाक. तुझ्या टायचं टोक बकलाच्या चार बोटं वर थांबलंय, आणि या जागेसाठी टाय लागतच नाही. पट्टा तपकिरी, बूट काळे, हे नको. काळा पट्टा घे. पांढरे घोट्याएवढे मोजे तर नकोच.

मोजे उभ्याने दिसत नाहीत असं वाटेल. पण मुलाखत उभ्याने होत नाही! बसलास की पँट वर सरकते आणि मोज्यावरची उघडी नडगी समोरच्याला दिसते. शर्टाच्या पोटावरच्या बटणांमधून फट पडते की नाही तेही बसल्यावरच कळतं. म्हणून पुढच्या वेळी खुर्चीत बसलेला एक फोटो हवाच, बाजूने काढलेला. उभ्याचे दोन, समोरून आणि पाठीमागून. फोटो दुसऱ्या कुणीतरी काढावा, साधारण तीन मीटर लांबून, मोबाइल पोटाच्या उंचीवर धरून, सकाळच्या उजेडात पडवीत. फ्लॅश आणि ब्यूटी फिल्टर बंद. फिल्टर चेहऱ्याचे डागच नाही, कापडाच्या चुण्याही पुसून टाकू शकतो, मग मी बघायचं काय?

फोटो मोठा करून बघितला तेव्हा उजव्या करंगळीचं वाढवलेलं नख दिसलं. ते आजच काप. औषध कंपनीत प्रयोगशाळेतल्या माणसाची नजर हातांवर जाते, कारण उत्पादन विभागात नेलपॉलिश, अंगठ्या, घड्याळ यांना मज्जाव असतो आणि दाढी असेल तर ती झाकणारं कव्हर लावावं लागतं. प्लांट दाखवायला आत नेलं तर हातातलं कडं काढायला सांगतील, त्यापेक्षा ते घरीच ठेव. मनगटावरचा देवळातला दोरा मुलाखतीला आड येत नाही, पण तो विटून सुटायला आलाय, बदल. आत जाताना काढायला सांगितला तर वाद घालू नकोस. दाढी ठेवलीस तरी चालेल, मात्र गळ्यावरची कड वेडीवाकडी आहे ती न्हाव्याकडून नीट करून घे. केस शनिवारी काप. सोमवारी कापलेस तर मानेवर ताज्या वस्तऱ्याचे लाल ओरखडे घेऊन जाशील. सेंट मारू नकोस, अंघोळ आणि साधा डिओ पुरे.

प्रवासाचंही कपड्यांमध्येच धर. पणजीला उतरून मडगावची बस पकडेपर्यंत पाऊस गाठणारच. रेनकोट घाल, पायात सँडल, बूट आणि मोज्यांचा एक जादा जोड पिशवीत. अर्धा तास आधी पोच म्हणजे बूट बदलायला, केस पुसायला वेळ मिळेल.

शनिवारी दुपारपर्यंत नवे फोटो पाठव, म्हणजे काही बदलायचं राहिलंच तर हाताशी दोन दिवस आहेत. बसलेला फोटो विसरू नकोस.