८८ टक्क्यांवर चार्जिंग मंदावलं म्हणजे चार्जर बिघडला का?

प्रश्न: पुण्याहून कोल्हापूरला जाताना कराडजवळ फास्ट चार्जरवर थांबलो. गाडीची बॅटरी ४० kWh. ७० टक्क्यांवर स्क्रीन ३० kW आणि २४ मिनिटं दाखवत होती. वीस मिनिटांनी चहा पिऊन आलो तर ८८ टक्के, फक्त १३ kW आणि वेळ पुन्हा २२ मिनिटं! चार्जर खराब होता की माझी बॅटरी?

उत्तर: दोन्ही ठीक आहेत. चुकला तो स्क्रीनवरचा वेळेचा अंदाज, आणि कसा चुकला ते तुमच्याच आकड्यांवरून दिसतं.

७० टक्क्यांवर तुमची ३० टक्के बॅटरी भरायची होती, म्हणजे १२ युनिट. १२ला ३० किलोवॅटने भागलं की ०.४ तास, म्हणजे बरोबर २४ मिनिटं. ८८ टक्क्यांवर ४.८ युनिट उरली; त्यांना १३ने भागा, २२ मिनिटं येतात. म्हणजे स्क्रीन त्या क्षणाचा वेग शेवटपर्यंत तसाच राहील असं धरून साधा भागाकार करत होती. वेग तर सतत घटत होता, म्हणून वेळ जागच्या जागी अडकल्यासारखी वाटली. काही गाड्या स्वतःच्या बॅटरीचा हिशोब करून उरलेली वेळ चार्जरला कळवतात, तिथे अंदाज बराच जवळ येतो. त्यामुळे चार्जरची स्क्रीन आणि गाडीची स्क्रीन वेगळी वेळ दाखवत असतील तर मी गाडीची धरतो.

आता वेग का घटला ते. किती करंट घ्यायचा हे चार्जर नाही, गाडी ठरवते. गाडीतली बॅटरी सांभाळणारी यंत्रणा, म्हणजे बीएमएस, दर क्षणाला मागणी नोंदवते आणि चार्जर आपल्या मर्यादेत तेवढाच करंट देतो. चार्जिंग होताना लिथियमचे आयन सेलमधल्या ग्रॅफाइटच्या थरांत शिरून बसतात. पोत्यात धान्य भरताना सुरुवातीला आपण पाटीने ओततो. तोंडाशी आलं की पोतं आपटत, धान्य खाली बसू देत ओंजळीने भरावं लागतं. इथेही तसंच. जागा भरत आल्या की आयनांना आत सरकायला वेळ लागतो. तरीही करंट रेटला तर ते आत न जाता ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर धातूरूपात साचतात. त्यातलं बरंचसं लिथियम कायमचं वाया जातं, बॅटरीची क्षमता घटते, आणि साठा वाढत गेला तर आत शॉर्ट होण्याचा धोका असतो. शिवाय सेलला व्होल्टेजची वरची सीमा असते: एनएमसी प्रकारात साधारण ४.२ व्होल्ट, एलएफपीत ३.६५. त्या सीमेला सेल टेकला की व्होल्टेज तिथेच धरून करंट कमी करत न्यावा लागतो.

हे स्क्रीनवर बघता येतं. बऱ्याच चार्जरवर kW च्या शेजारी V आणि A असतात. ३५० V गुणिले ८६ A म्हणजे ३० किलोवॅट. बॅटरी भरत आली की V जवळजवळ स्थिर राहतो आणि A उतरत जातो, काही गाड्यांत हळूहळू, काहींत पायरीपायरीने. तुमच्याकडे ते आकडे असते तर हेच दिसलं असतं.

खरी शंका घ्यायची ती वेग ४०-५० टक्क्यांवरच पडला तर. तेव्हा आधी शेजारची गन बघा. दोन गनच्या बऱ्याच चार्जरमध्ये दुसरी गाडी लागली की शक्ती वाटली जाते आणि ३०चे एकदम १५ होतात. ती गाडी निघाली की वेग परत येतो. शेजारी कोणी नसेल आणि तुम्ही भर उन्हात तासन्‌तास हायवेवरून आला असाल, तर बॅटरी तापल्यामुळे बीएमएसने मागणी कमी केलेली असते. दुसऱ्या दिवशी सकाळी, दुसऱ्या चार्जरवर, त्याच टक्क्याला वेग तेवढाच कमी दिसला तर मात्र सर्व्हिस सेंटरला दाखवा.

तुम्ही १००ची वाट बघत थांबला असता तर त्या २२ मिनिटांत काम झालं नसतं. तेवढ्याच बॅटरीच्या माझ्या गाडीला ८८ ते ९५ला वीसेक मिनिटं लागतात, आणि शेवटच्या पाच टक्क्यांना अर्धा तास, कारण तिथे वेग चारेक किलोवॅटवर येतो. त्यात सेल एकमेकांच्या पातळीला आणण्याचं कामही चालतं. हे घरच्या चार्जरवर रात्री झालेलं बरं. गाडी एलएफपीची असेल तर कंपनी अधूनमधून १०० टक्के करायला सांगते, कारण त्या सेलचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात फारसं बदलत नाही आणि टक्क्यांचा अंदाज भरकटतो. तेही घरीच करा.

कराडहून कोल्हापूर साधारण ७५ किलोमीटर. हायवेला १०० किलोमीटरला १५ युनिट धरली तरी ११-१२ युनिट लागतात, म्हणजे तीसेक टक्के. तुम्ही ७० टक्क्यांवर गन काढली असती तरी कोल्हापुरात ४० टक्के घेऊन पोचला असता.